७१८ गुण पडतातच कसे?

४ जून २०२४. देशभर लोकसभेची मतमोजणी चालू होती आणि त्याच दिवशी नीटचा निकाल लागला. टीव्हीवर आकडे फिरत होते ते जागांचे, पण ज्यांच्या घरी बारावीचं पोर होतं त्यांच्या मोबाइलवर वेगळेच आकडे फिरत होते. ६७ जणांना ७२० पैकी ७२०. हे नवल होतंच, पण मुलांच्या डोळ्यांत खुपले ते दुसरेच दोन आकडे: ७१८ आणि ७१९. पैकीच्या पैकी मिळवणारा एखादा असू शकतो, असे ६७ जणही असू शकतात. पण ७१८? मुलांनी एका दमात सांगून टाकलं की या परीक्षेत ७१८ गुण कुणाला पडूच शकत नाहीत.

मुलांचं बरोबर होतं. त्यांनी ते कशावरून ओळखलं हे नीट समजून घेतलं, तर निगेटिव्ह मार्किंगचं बहुतेक सगळं गणित त्यात येतं.

नीटचे प्रश्न धरले जातात १८०. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीच्या उत्तराला उणे १, सोडलेल्या प्रश्नाला शून्य. म्हणजे बरोबर उत्तरांना चारने गुणायचं आणि त्यातून चुकीच्या उत्तरांची संख्या वजा करायची. आलेला आकडा हा निव्वळ गुणांचा. शाळेत आपण गुण मोजतो ते खालून वर, शून्यापासून भर घालत. पण इथे वरून खाली मोजलं तर गंमत लवकर कळते. सगळे बरोबर आले असते तर ७२० झाले असते. त्यातला एक प्रश्न सोडला की ४ गेले, उरले ७१६. तोच प्रश्न सोडण्याऐवजी चुकवला तर मिळणारे ४ गेलेच, वर १ दंड बसला, म्हणजे ५ गेले आणि उरले ७१५. ७२० च्या खाली पहिली पायरी ७१६ आणि दुसरी ७१५. मध्ये ७१९, ७१८, ७१७ या पायऱ्याच नाहीत.

समजा, खिशात फक्त चारची आणि पाचची नाणी आहेत आणि सुटे मिळणार नाहीत. अशा नाण्यांनी १, २, ३, ६, ७ आणि ११ रुपये देता येत नाहीत. बाराचे मात्र चार-चार-चार होतात, तेराचे चार-चार-पाच, चौदाचे चार-पाच-पाच, पंधराचे पाच-पाच-पाच, आणि तिथून पुढे चारचं एकेक नाणं वाढवत गेलं की कुठलीही रक्कम जमते. नीटमध्ये गमावलेल्या गुणांचं अगदी असंच आहे. म्हणून ७१९, ७१८, ७१७, ७१४, ७१३ आणि ७०९ हे सहा आकडे कुणालाच मिळू शकत नाहीत. त्याखाली शून्यापर्यंत आणि शून्याच्याही खाली सगळे आकडे शक्य आहेत.

मग त्या वर्षी ते दोन आकडे आले कुठून? परीक्षा घेणाऱ्या राष्ट्रीय परीक्षा संस्थेने, म्हणजे एनटीएने, नंतर खुलासा केला. काही केंद्रांवर पेपर द्यायला उशीर झाला होता आणि तिथल्या १,५६३ उमेदवारांना वाया गेलेल्या वेळेची भरपाई म्हणून एका सूत्राने वाढीव गुण दिले गेले होते. ते सूत्र ४ आणि ५ च्या हिशेबात बसणारं नव्हतं, म्हणून गुणपत्रिकेवर अशक्य आकडे उमटले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, ते वाढीव गुण रद्द झाले आणि या उमेदवारांना पुन्हा परीक्षा देण्याची मुभा मिळाली. २३ जूनच्या फेरपरीक्षेला त्यातले ८१३ बसले. कुठलीही चौकशी समिती नेमली जाण्याआधी गडबडीचा वास पोरांना लागला होता, तो या वजाबाकीमुळे.

त्याच निकालात पाच गुणांचं वजन दाखवणारी आणखी एक गोष्ट घडली. भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाची दोन उत्तरं एनटीएने बरोबर धरली होती, कारण एक उत्तर एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकातल्या वाक्याला धरून होतं. सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या आयआयटीला विचारलं, त्यांनी एकच पर्याय बरोबर असल्याचं सांगितलं, आणि जुन्या पुस्तकावर विसंबलेल्या चार लाखांवर मुलांचे प्रत्येकी पाच गुण गेले. लक्षात घ्या, चार नव्हे. मिळालेले ४ परत गेले आणि चुकीचा १ दंड लागला. ७२० वर असलेली ४४ मुलं एका रात्रीत ७१५ वर आली. सुधारित निकालात पैकीच्या पैकी उरले १७.

हा पाचाचा फरक आपण बोलताना विसरतो. ‘एक गुण कापतात’ असं म्हणतो. सोडलेल्या प्रश्नाच्या तुलनेत एक, हे खरं. बरोबर आलेल्या प्रश्नाच्या तुलनेत मात्र पाच.

माझी भाची गेल्या वर्षी नीटची तयारी करत होती. क्लासच्या सराव परीक्षेत तिला ५६० पडले. फोनवर म्हणाली, “मामा, १४० बरोबर आले.” मी विचारलं, कशावरून? तर तिने ५६० ला चारने भागलं होतं. भागाकार चोख होता, अर्थ चुकला होता. १४० बरोबर, एकही चूक नाही आणि ४० सोडलेले, असं असेल तर ५६० होतातच. पण १४१ बरोबर आणि ४ चुकीचे असले तरी ५६४ वजा ४, म्हणजे ५६०. १४२ बरोबर आणि ८ चुकीचे, तरी ५६०. एक बरोबर उत्तर वाढलं आणि सोबत चार चुका वाढल्या की बेरीज जागची हलत नाही. असं करत करत १४८ बरोबर आणि ३२ चुकीचे, एकही प्रश्न कोरा नाही, इथपर्यंत जाता येतं. ५९२ वजा ३२, पुन्हा ५६०. एकाच आकड्यामागे नऊ वेगवेगळ्या उत्तरपत्रिका दडलेल्या असू शकतात.

तिला उत्तरपत्रिकेची प्रत काढून मोजायला सांगितलं. बरोबर, चूक आणि कोरे असे तीन रकाने, आणि तिघांची बेरीज १८० यायलाच हवी. तिची आली १७९. एका प्रश्नाला तिने दोन गोल रंगवले होते, आधी एक आणि मग मत बदलून दुसरा, आणि मोजताना तो ना इकडे धरला ना तिकडे. ओएमआरवर दोन गोल रंगवले की ते चुकीचं उत्तर समजलं जातं, त्याचा दंड बसतो. घरी गुण मोजताना होणाऱ्या चुकांमध्ये ही चूक मी वारंवार पाहिली आहे. बेरीज १८० येत नसेल तर पुढचं काही मोजण्यात अर्थ नाही. शेवटी तिचे निघाले १४५ बरोबर, २० चुकीचे, १५ कोरे. ५८० वजा २०, बरोबर ५६०.

आता टक्के. ५६० भागिले ७२० गुणिले १००, म्हणजे ७७.७८. पटकन काढायचं तर निव्वळ गुणांना ७.२ ने भागायचं. इथवर कुणाचं अडत नाही. घोळ होतो तो खाली काय घ्यायचं यावर. भाचीच्या क्लासच्या ॲपवर त्याच परीक्षेसाठी ‘अचूकता ८७.८८ टक्के’ असंही लिहिलं होतं. तेही खोटं नव्हतं. सोडवलेल्या १६५ प्रश्नांपैकी १४५ बरोबर, याची ती टक्केवारी. शिवाय एकूण १८० पैकी १४५ बरोबर, हे झाले ८०.५६ टक्के. एक परीक्षा, तीन टक्केवाऱ्या, आणि घरात सांगताना माणूस साहजिकच सगळ्यात मोठी सांगतो.

निव्वळ गुणांची टक्केवारी काढायची तर छेदात पूर्ण परीक्षेचे कमाल गुणच आले पाहिजेत. सोडवलेल्या प्रश्नांचे गुण नाहीत. छेदातून कोरे प्रश्न वगळले की न सोडवण्याची किंमत गायब होते. नुसते १० प्रश्न सोडवून दहाही बरोबर आणणाऱ्याची अचूकता १०० टक्के असेल, पण त्याचे गुण ४० आणि टक्के साडेपाच. एखादा प्रश्नच चुकीचा निघून रद्द झाला, तर नीटमध्ये सर्वांना त्याचे ४ गुण देतात, म्हणून तेव्हाही छेद ७२० च राहतो.

दुसरा घोळ विषयांच्या सरासरीचा. भौतिकशास्त्र १८० गुणांचं, रसायनशास्त्र १८० चं, जीवशास्त्र मात्र ३६० चं. समजा, कुणाला अनुक्रमे ९०, १०८ आणि ३२४ पडले. टक्के झाले ५०, ६० आणि ९०. तिघांची सरासरी काढली तर ६६.६७. पण खरी बेरीज ५२२ आणि खरे टक्के ७२.५. जीवशास्त्राचं वजन दुप्पट आहे हे सरासरीला ठाऊक नसतं. आधी गुणांची बेरीज आणि मग एकदाच टक्के, हा क्रम मोडला की सहा टक्क्यांची चूक अशी बसल्याजागी होते.

आणि मग ही टक्केवारी शाळेच्या टक्केवारीसारखी वाचायची नाही. शाळेच्या पेपरात शून्य हा तळ असतो. इथे तळ शून्याच्या खाली आहे. १८० च्या १८० चुकले तर उणे १८०, म्हणजे उणे २५ टक्के. प्रश्न न वाचता डोळे मिटून सगळे गोल रंगवले, तर चार पर्यायांच्या हिशेबाने सरासरी ४५ बरोबर येतील आणि १३५ चुकतील. १८० वजा १३५, राहिले ४५ गुण. टक्के सव्वासहा. दंड नसता तर याच तुक्क्यांना २५ टक्के मिळाले असते.

सव्वासहा का होईना, ते शून्याच्या वर आहेत, हे चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आलं असेल. चार तुक्के मारले, एक लागला, तीन हुकले, तर ४ वजा ३, हातात १ उरतो. म्हणजे नीटचा दंड तुक्का पूर्ण निष्फळ करण्याइतका कडक नाही. चार पर्याय असताना तुक्क्याची सरासरी नेमकी शून्यावर आणायची तर दंड बरोबर उत्तराच्या गुणांच्या एक तृतीयांश हवा, आणि यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेत तो तेवढाच आहे. हे ऐकून पोरं खूश होतात, म्हणून पुढचं लगेच सांगावं लागतं. सरासरी म्हणजे तुमचा निकाल नव्हे. वीस प्रश्नांवर निव्वळ तुक्के मारले तर सरासरी फायदा फक्त पाच गुणांचा, आणि शंभरातल्या साधारण २२ मुलांचा त्यात तोटाच होतो. चारपैकी दोन पर्याय नक्की चूक आहेत हे कळत असेल तर मात्र चित्र पालटतं. तिथे दर प्रश्नामागे सरासरी दीड गुण मिळतो. असा प्रश्न कोरा सोडणं हे माझ्या मते धीराचं नव्हे, भीतीचं लक्षण आहे. भाचीच्या १५ कोऱ्या प्रश्नांपैकी सहा असे होते.

टक्केवारीची सगळ्यात मोठी फसगत पर्सेंटाइलशी होते. नावात साम्य आहे, तेवढंच. २०२५ च्या नीटमध्ये पहिला आलेल्या मुलाला ६८६ गुण होते. टक्के काढले तर ९५.२८. गुणपत्रिकेवर मात्र पर्सेंटाइल होतं ९९.९९९९५४७. टक्के सांगतात, एकूण गुणांपैकी किती मिळाले. पर्सेंटाइल सांगतं, परीक्षेला बसलेल्यांपैकी शेकडा किती जण तुमच्या मागे आहेत. त्याच वर्षी खुल्या प्रवर्गाची पात्रता ५० पर्सेंटाइलला होती. हे वाचून ‘निम्मे गुण हवेत’ असा अर्थ घेणारे पालक मला भेटले आहेत. ५० पर्सेंटाइल म्हणजे त्या वर्षी १४४ गुण, अर्थात २० टक्के. आदल्या वर्षी तीच रेषा सुधारित निकालात १६२ गुणांवर होती, म्हणजे साडेबावीस टक्के. पर्सेंटाइलची रेषा ५० वरच राहिली, तिच्यामागचे गुण दरवर्षी हलले. पेपर किती अवघड गेला आणि बाकीच्यांनी काय केलं यावर ते ठरतं, त्यामुळे टक्क्यांवरून पर्सेंटाइल काढायचं कुठलंही सूत्र नाही.

जाता जाता, ६८६ ला आपली नाणी लावून पाहा. ७२० मधून गेले ३४. ते दोनच तऱ्हांनी जाऊ शकतात: २ चुका आणि ६ कोरे, नाहीतर ६ चुका आणि १ कोरा. आपण देशात पहिल्या आलेल्याची उत्तरपत्रिका न पाहता इतकं सांगू शकतो, हे मला अजूनही गमतीचं वाटतं.

नीटमध्ये प्रवेश गुणांच्या क्रमाने मिळतो, त्यामुळे तिथे टक्के ही घरगुती सोय. वेगवेगळ्या गुणांच्या सराव परीक्षा एका पट्टीवर मांडायला त्या बऱ्या पडतात. पण काही परीक्षांमध्ये टक्केवारीवर खरंच दार उघडतं किंवा बंद होतं. राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेचा दुसरा पेपर, ज्याला सगळे सीसॅट म्हणतात, हा त्यातला. ८० प्रश्न, २०० गुण, दर प्रश्नाला अडीच, चुकीला त्याचा पाव भाग म्हणजे ०.६२५ वजा. निर्णयक्षमतेचे जे थोडे प्रश्न असतात त्यांना ऋण गुण नाहीत, ते हिशेबात वेगळे काढायचे. या पेपरात ३३ टक्के मिळाले नाहीत तर पहिल्या पेपरात कितीही पडू देत, पुढे जाता येत नाही.

पुण्याच्या पेठेतल्या एका अभ्यासिकेत मी एकाची वही पाहिली. आयोगाची उत्तरतालिका लागल्यावर त्याने आपले गुण मोजले होते. ३० बरोबर, म्हणजे ७५. १५ चुकीचे, म्हणजे ९.३७५ वजा. उरले ६५.६२५. त्याला २०० ने भागून टक्के आले ३२.८१, आणि पुढे त्याने ‘३३ टक्के, पास’ असं लिहून दोन रेघा मारल्या होत्या. शाळेत आपल्याला ३२.८१ चे ३३ करायला शिकवलेलं असतं. इथे तसं चालत नाही. आयोगाच्या सूचनेतच आहे की बेरीज अपूर्णांकात आली तर ती अपूर्णांकातच राहील.

“दादा, किती फरकाने?” त्याने विचारलं. मी त्याला टक्के खोडायला सांगितले आणि उलट बाजूने जायला सांगितलं. गुणांचे टक्के करण्याऐवजी टक्क्यांच्या रेषेचेच गुण करायचे. २०० चे ३३ टक्के म्हणजे ६६. आता दोन्ही आकडे गुणांतच आहेत, गोळाबेरजेचा प्रश्न उरत नाही. ६५.६२५ हे ६६ पेक्षा कमी. फरक ०.३७५ चा.

त्याने वही पुन्हा जवळ ओढली आणि पंधराऐवजी चौदा चुका धरून बघितलं. ८.७५ वजा, उरले ६६.२५. मग प्रश्नपत्रिका काढून त्या पंधरापैकी कोणता प्रश्न कोरा सोडायला हरकत नव्हती, ते शोधत बसला.